गरम पाणी बारीक, थंड जोरात? गिझर बदलण्याआधी बादली लावा

थंडीचे चार दिवस आले की आमच्या दुकानात एकच तक्रार घेऊन माणसं येतात. थंडाचा नळ सोडला की धो धो, गरमाचा सोडला की सुतळीएवढी धार. पाणी गरम येतं, पण बादली भरेपर्यंत ऑफिसची लोकल निघून जाते. बहुतेकांना कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं, "गिझर गेला, नवा घ्या." आम्ही गिझर विकतोही, तरी सांगतो: पाणी गरम होतंय म्हणजे गिझरचं मुख्य काम चालू आहे. धार बारीक असणं ही बहुतेक वेळा वाटेतल्या अडथळ्याची गोष्ट असते. तो अडथळा कुठे आहे ते शोधायचं, इतकंच.

त्यासाठी एक गोष्ट डोक्यात ठेवा. घरोघरी असतो त्या साठवणीच्या गिझरमध्ये गरम पाणी बाहेर ढकलायला वेगळा पंप नसतो. खालून थंड पाणी टाकीत शिरतं आणि तेवढंच गरम पाणी वरून बाहेर पडतं. म्हणून थंड पाणी आत यायला अडलं, तरी गरमाचीच धार बारीक होते. पुष्कळदा सगळे गरमाची लाईन तपासत बसतात आणि खोट असते थंडाच्या तोंडाशी.

आधी बादली

दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घ्या. बाथरूमच्या मिक्सरवर फक्त थंड पूर्ण सोडा आणि बादली किती सेकंदात भरते ते पाहा. मग फक्त गरम सोडून तेच करा. आकडे कागदावर लिहा. घरातल्या दुसऱ्या गरम नळावर, म्हणजे बेसिनवर किंवा दुसऱ्या बाथरूममध्ये, हेच करून बघा. शॉवर आणि हँडशॉवर यात धरू नका. त्यांची भोकं बुजलेली असली की आकडा फसवतो, शिवाय ती थंडालाही तितकीच अडवतात.

एकाच नळाचं गरम बारीक असेल तर गिझरला हात लावू नका, खोट त्या मिक्सरपाशी आहे. सगळ्याच गरम नळांचं बारीक असेल तर गिझरपासून सुरुवात करायची. नळ सोडल्यावर सुरुवातीला धार चांगली आणि खरं गरम पाणी पोचलं की हळूहळू बारीक होत असेल, तर नळाच्या स्पिंडलमधला, म्हणजे मूठ फिरवली की आत फिरणाऱ्या दांड्यावरचा, रबरी वॉशर संशयित धरा. जुना रबर गरम पाण्यात फुगतो आणि वाट बुजवतो. स्पिंडल बदलला की काम होतं.

गिझरच्या तोंडाशी

हे करण्याआधी गिझरचा स्विच बंद करा. नुसता लाल दिवा विझला म्हणून भागत नाही. स्विच बंद केल्यावरही टाकीतलं पाणी तासन् तास कढत राहतं. गरमाचा नळ सोडून एक-दोन बादल्या वाहू द्या, पाणी कोमट-थंड आल्यावरच पुढे जा.

गिझरला खाली दोन तोंडं असतात. निळ्या खुणेचं थंड आत घ्यायचं, लाल खुणेचं गरम बाहेर सोडायचं. निळ्या बाजूचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतला छोटा बंद-चालूचा नळ, बंद करा, गरमाचा नळ सोडून दाब उतरवा. मग लाल बाजूचा कनेक्शन पाईप भिंतीच्या टोकाकडून सोडवा, गिझरच्या टोकाकडून नको. पाईपचं सुटं टोक बादलीत धरायला घरातल्या कोणाला तरी उभं करा, नाहीतर पाणी लॉफ्टवरच्या चादरींवर जातं. आता निळा कॉक पूर्ण उघडा आणि घड्याळ लावा.

इथे बादली जोरात भरली तर गिझर आणि त्याच्या अलीकडचं सगळं ठीक, अडथळा पुढे आहे. इथेही बारीकच आलं, तर अडथळा गिझरपाशी किंवा त्याच्या अलीकडे आहे. निळा कॉक खरोखर पूर्ण उघडलाय का ते पाहा, पाईप कुठे मुडपलाय का ते पाहा. त्याच्या पुढे असतो सेफ्टी व्हॉल्व्ह, निळ्या तोंडावर बसवलेला पितळी तुकडा. त्यात पाणी उलट जाऊ नये म्हणून झडप असते आणि तीच कचऱ्याची लाडकी जागा.

तो व्हॉल्व्ह मात्र स्वतः उघडू नका. तो काढला की टाकी खालून रिकामी होते आणि पंधरा लिटर पाणी थेट अंगावर येतं. दुसरं म्हणजे काही लोक झडप अडते म्हणून ती काढूनच टाकतात. तसं केलंत तर गिझरचं गरम पाणी थंडाच्या लाईनीत मागे जाऊ शकतं, आणि व्हॉल्व्हच काढून टाकला तर टाकीचा दाब वाढल्यावर सोडायला काहीच उरत नाही. गिझर तापताना त्या व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात, ते दोष नव्हे. ते भोक कोणी बुचाने बंद केलेलं असेल तर आजच उघडा.

मिक्सरच्या पायाशी

भिंतीतल्या मिक्सरला दोन लेग असतात, म्हणजे भिंतीतून निघून मिक्सरला जोडणारे आखूड तुकडे, एक गरमाचा आणि एक थंडाचा. लेग आणि मिक्सर जोडणाऱ्या मोठ्या नटाच्या आत, बऱ्याच बनावटींमध्ये, बारीक जाळी बसवलेली असते. बेसिनच्या मिक्सरला खालून दोन कनेक्शन पाईप येतात, तिथे जाळी कधी पाईपच्या टोकाला तर कधी अँगल कॉकमध्ये असते. कधी नसतेच.

पाणी बंद करून गरमाकडचा नट सोडा. इथे एक चूक महागात पडते. नट फिरवताना लेगही फिरला, तर तो भिंतीतल्या एल्बोमध्ये सैल होतो आणि ओल टाइल्सच्या मागे जाते. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. म्हणून दोन पाने लागतात: एकाने लेग धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना असेल तर हे काम आमच्यावर सोडा. आणि नट एकदा सुटला की जोर करू नका, तो हळूच मागे सरकतो.

जाळी निघाली की ती पांढऱ्या कागदावर उपडी करा. कचरा बोलतो. बोटाला काळं लागणारे मऊ तुकडे आले तर ते गरमाकडच्या कनेक्शन पाईपचं आतलं रबर आहे, गरम पाण्यात पिकून सुटलेलं. अशा वेळी जाळी साफ करून भागणार नाही, पाईप बदला, नाहीतर दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तांबूस, चरचरीत कण म्हणजे लोखंडी पाईपचा गंज, जुन्या इमारतीत हमखास. पांढरा, कडक पापुद्रा म्हणजे क्षार. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, त्यात क्षार कमी. पांढरं जास्त जमत असेल तर तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी मिसळतंय असं धरा. तो पापुद्रा साध्या व्हिनेगरमध्ये टाकला की फसफसतो, जाळी त्यातच तासभर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा.

जाळी फेकून देऊ नका. पाणी जोरात येतं म्हणून ती काढून टाकलेली घरं आम्ही पाहिली आहेत. पुढे तोच कचरा मिक्सरच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मुठीखालच्या पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या भागात, अडकतो आणि जाळीऐवजी कार्ट्रिज बदलावं लागतं.

कन्नमवारनगरातली एक सकाळ

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात एका काकूंकडे गेलो. नव्या गिझरचं कोटेशन त्यांनी टेबलावर ठेवलेलं होतं. मिक्सरवर थंडाची बादली ५५ सेकंदांत भरली, गरमाची ३ मिनिटे १० सेकंदांत. बेसिनचं गरमही बारीक. म्हणजे गिझरपासून सुरुवात.

लाल पाईप भिंतीकडून सोडवून बादली लावली तर २ मिनिटे ४० सेकंद. गिझरच्या आधी किंवा आतच अडलं होतं. मग निळ्या कनेक्शन पाईपचं गिझरकडचं टोक सोडवून कॉक उघडला तर ५० सेकंद. पाईप चांगला, कॉक चांगला, उरला सेफ्टी व्हॉल्व्ह. तो काढला तर झडपेच्या तोंडाशी गंजाचे कण आणि टेफ्लॉन टेपचा चुरगळलेला दोरा. काकू म्हणाल्या, "अहो, गेल्या महिन्यात सोसायटीची टाकी धुतली होती." टाकी धुतली की तळाचा गाळ उठतो आणि लाईनीत उतरतो. टेपचा दोरा मात्र आधी ज्याने व्हॉल्व्ह बसवला त्याची मेहेरबानी.

व्हॉल्व्ह साफ करून बसवल्यावर गिझरच्या तोंडाशी १ मिनिट आणि बेसिन ठणठणीत. मिक्सरवर मात्र अजून २ मिनिटे. इथेच थांबलो असतो तर काकूंनी पुन्हा फोन केला असता. दुसरी खोट मिक्सरमध्येच होती. गरमाची जाळी काढली तर ती काळ्या रबराने जवळजवळ बुजलेली. जाळी धुतली, लाल कनेक्शन पाईप नवा घातला. शेवटचा आकडा १ मिनिट ५ सेकंद. गिझर तोच आहे.

एवढं करूनही बारीक राहिलं तर

गिझरच्या तोंडाशी धार जोरात, जाळ्या स्वच्छ, तरी मिक्सरवर बारीक, याचा अर्थ कार्ट्रिज तरी अडलंय किंवा भिंतीतला पाईप तरी. आम्ही मिक्सर उतरवून गरमाच्या लेगमधून थेट बादली भरतो, दोन मिनिटांत कळतं. गरमाची लोखंडी लाईन थंडाच्या आधी आतून गंजून अरुंद होते, मग ती साफ करता येत नाही. अशा वेळी टाइल्स फोडण्याऐवजी गिझरपासून मिक्सरपर्यंत भिंतीवरून नवी सीपीव्हीसी लाईन टाकायला आम्ही सुचवतो. साधा पीव्हीसी पाईप स्वस्त म्हणून कोणी सुचवला तर नको म्हणा, तो गरम पाण्यात मऊ पडतो.

काम झाल्यावर गिझर लगेच चालू करू नका. आधी गरमाचा नळ सोडा, हवा फुरफुरून निघून जाऊ द्या, एकसंध धार आली की मगच स्विच. टाकी रिकामी असताना चालू केला तर एलिमेंट जळतं. गॅस गिझरची जोडणी मात्र घरी उघडू नका, त्याची वेळ आमच्याकडून घ्या.

फोन करताना थंडाचा आणि गरमाचा, दोन्ही बादलीचे सेकंद सांगा, आणि एकच नळ बारीक की सगळे तेही. आमचा माणूस मग नेमकं तेवढंच सामान घेऊन निघतो.