एका कंपनीच्या पायऱ्या आणि दोन कंपन्यांमधलं अंतर

देवगडच्या बाजारात रिचार्जच्या दुकानात रोज दीड जीबी, दोन जीबी, अडीच जीबी असे प्लॅन ओळीने लावलेले दिसतात. एवढे प्लॅन आहेत म्हणजे कंपन्यांत चुरस जोरात आहे, असं आपल्याला वाटतं. पण या यादीत दोन निराळे फरक मिसळलेले असतात आणि त्यांचं काम एक नाही.

पहिला फरक एकाच कंपनीच्या आतला. कोणतं गिऱ्हाईक किती पैसे देईल हे कंपनीला आधी कळत नाही, म्हणून ती स्वस्त प्लॅन मुद्दाम थोडा अपुरा ठेवते. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओने अमर्याद फाइव्ह-जी रोज दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतंच ठेवलं. दीड जीबीवाल्यालाही ते दिलं असतं, तर वरच्या पायरीवरची माणसं खाली उतरली असती. गावात एकच कंपनी असती तरी तिने अशा पायऱ्या केल्याच असत्या.

दुसरा फरक दोन कंपन्यांमधला, आणि दर टिकतो तो याच्यामुळे. सोपे आकडे धरू. शंभर घरांची वाडी, दोन कंपन्या, दोघींचा दर २५० रुपये, दर गिऱ्हाइकामागे खर्च १५०. दोघींची सेवा अगदी सारखी असेल, तर पन्नास-पन्नास घरं आणि प्रत्येकीला ५,००० रुपये नफा. एकीने एक रुपया कमी केला की शंभरही घरं तिच्याकडे येतात आणि नफा ९,९०० होतो. मग दुसरीही उतरते, आणि दर १५० कडे घसरत जातो.

आता समजा, पहिलीची रेंज आंब्याच्या बागेत आणि जेटीवर पोचते. दुसरी डेटा भरपूर देते, पण तो बाजारपेठेतच नीट चालतो. साठ घरं पहिलीकडे, चाळीस दुसरीकडे. दुसरीने दर २४० केला, तर समजा चारच घरं हलतील, कारण बागेत फोन न लागणं दहा रुपयांत भरून निघत नाही. तिचा नफा ४,००० वरून ३,९६० वर येतो. म्हणून ती दर उतरवतच नाही.

म्हणजे दोघींनी एकमेकींच्या पायऱ्या हुबेहूब उचलल्या, तर नुसत्या पायऱ्यांनी दर टिकत नाही. प्रत्येक पायरीवर पुन्हा तीच झटापट होऊ शकते. तरीही प्लॅन सारखे असताना दर एकत्र वर गेलेले आपण पाहिलेत. २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेलचे वाढीव दर ३ जुलैला लागू झाले, व्होडाफोन आयडियाचे ४ जुलैला. त्यामागे निराळेपण होतं असं मला वाटत नाही. खेळाडू मोजके असले की प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर असते. मी उतरलो तर तोही उतरणार, हे ज्याला त्याला माहीत असतं.

बीएसएनएलने तेव्हा दर वाढवले नाहीत आणि बरीच माणसं तिकडे गेली. ज्यांच्या घरात तिची रेंज नव्हती, ती मात्र जास्त पैसे भरून होती तिथेच थांबली.