लंबकाचा आलेख आणि नाशिकचे गुरुत्व त्वरण

साध्या लंबकाची लांबी बदलत दर वेळी आवर्तनकाल मोजायचा आणि आलेखाच्या चढावरून गुरुत्व त्वरण काढायचे, हा कनिष्ठ महाविद्यालयांतला भौतिकशास्त्राचा नेहमीचा प्रयोग आहे. आवर्तनकाल T लांबी L समोर मांडला तर वक्र मिळतो. T चा वर्ग मांडला की सरळ रेषा मिळते, कारण

T² = (4π²/g) × L

या रेषेचा चढ 4π²/g इतका असतो. म्हणून ३९.४८ ला चढाने भागले की g मिळते.

आलेखाचा खरा उपयोग लांबीच्या मोजमापात दिसतो. लंबकाची लांबी आधारापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, पण पट्टीने सहज मोजता येतो तो फक्त दोरा. नाशिकमधल्या प्रयोगाचे नमुन्यादाखल आकडे घेऊ. दोरा ०.४०, ०.६०, ०.८०, १.०० आणि १.२० मीटर असताना २० आवर्तनांना अनुक्रमे २५.९, ३१.५, ३६.३, ४०.४ आणि ४४.३ सेकंद लागले. फक्त पहिल्या नोंदीवरून हिशेब केला तर g = ९.४२ मी/से² येते, म्हणजे बरेच कमी. पाचही बिंदूंमधून उत्तम बसणारी रेषा काढली की तिच्यावर ०.३० मीटरला T² = १.२७ आणि १.३० मीटरला ५.३० वाचता येते. चढ ४.०३, म्हणून g = ९.८०. चढासाठी बिंदू रेषेवरचे घ्यावेत, नोंदींमधले नव्हे. नाहीतर रेषा काढून उपयोग काय?

ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढवली तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे सुमारे १.६ सेंटीमीटरवर छेदते. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून जी लांबी मोजायची राहिली, तीच ही. प्रत्येक नोंदीत ती सारखीच असल्याने रेषा सरकते, चढ मात्र बदलत नाही.

सगळ्याच चुका अशा उघड होत नाहीत. गोळा सोडताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटले तर १९ आवर्तनेच २० म्हणून नोंदली जातात. रेषा तरीही सुरेख सरळ येते आणि g मात्र १०.८ च्या आसपास निघते. झोका ३० अंशांचा घेतला तर आवर्तनकाल सुमारे १.७ टक्के वाढतो आणि g साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. १० अंशांच्या आत ही घट अर्ध्या टक्क्याहून कमी राहते.

नाशिक सुमारे २०° उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. त्यामुळे येथील g सुमारे ९.७८५ अपेक्षित आहे, पुस्तकातले ९.८१ नव्हे. हा फरक पाव टक्क्याचा. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये ४० सेकंदांमागे ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एका नोंदीवरून काढलेल्या g मध्ये ती एक टक्का होते. तेव्हा ९.८१ जुळवण्यासाठी नोंदी खोडू नयेत.