वडिलोपार्जित बाग आणि मृत्युपत्र

“वडिलोपार्जित बागेचं मृत्युपत्र करता येत नाही म्हणतात. मग दोन्ही लग्नांच्या मुलांत भांडण होऊ नये म्हणून काय लिहू?”

करता येतं, पण फक्त स्वतःच्या हिश्शाचं. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम ३० तशी मुभा देतं.

समजा, रत्नागिरीजवळ एकत्र कुटुंबाची, वाटप न झालेली आंब्याची बाग आहे. पहिली बायको वारली, तिचे मुलगा-मुलगी. दुसरी बायको हयात, तिचा एक मुलगा. बागेचे पाच सारखे वाटे धरायचे: नवरा, बायको, तीन मुलं. २००५ पासून मुलीचाही जन्मतः हक्क आहे, लग्न झालेलं असलं तरी. म्हणजे तुमच्या हातात एक पंचमांश. “सगळी बाग धाकट्याला” लिहिलंत, तर उरलेल्या चार वाट्यांपुरतं ते टिकत नाही आणि थोरली मुलं कोर्टात जातात. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असल्याने यात फरक पडत नाही.

स्वकमाईचं घर मात्र हवं त्याला द्या. म्हणून मृत्युपत्रात बाग आणि घर वेगवेगळ्या परिच्छेदांत, गट नंबरासह लिहा. कोणाला कमी दिलं, तर कारणही एका ओळीत नोंदवा. दोन साक्षीदार लागतातच. ते दोन्ही घरांबाहेरचे असलेले बरे.