अँटेनाचं टोक कन्सोलवर रोखू नका

"राउटरच्या अँटेनांची टोकं टीव्ही युनिटमधल्या गेम कन्सोलकडे वळवली की सिग्नल वाढतो ना?"

उलट, टोकाच्या दिशेनेच तो सर्वांत क्षीण असतो. काडीसारखा अँटेना चहूबाजूंना लहरी सोडतो, आकार साधारण मेदूवड्याचा. टोक म्हणजे वड्याचं भोक! कन्सोल त्याच मजल्यावर असेल तर अँटेना उभे ठेवा, दोन असतील तर एक जरा कलता. राउटर टीव्ही युनिटच्या दर्शनी बाजूसमोर, मीटर-दीड मीटर उंचीवर असावा. प्लायमधून लहरी बऱ्यापैकी जातात. धातूचा पत्रा किंवा आरसा मात्र त्या अडवतो. मग कन्सोलमधली इंटरनेट चाचणी युनिटचं दार लावून आणि उघडून, दोन-तीनदा घ्या. दार उघडल्यावर दरवेळी वेग वाढत असेल, तर अडथळा दाराचाच आहे. खेळताना ते उघडंच ठेवा.