एफडीवरचं क्रेडिट कार्ड आणि एफडीवरचा ओव्हरड्राफ्ट: दोन्हींत एफडी अडकते, पण काम एक नाही

पहिली नोकरी लागली, सिबिल रिपोर्ट काढला तर स्कोअरच्या जागी NH, म्हणजे हिस्ट्रीच नाही, आणि बँकेने साधं क्रेडिट कार्ड नाकारलं. मग ब्रँचमधे कोणीतरी सांगतं की एफडी ठेवा, त्यावर मिळेल. इथेच गोंधळ सुरू होतो, कारण एफडीवर दोन गोष्टी मिळतात, एक कार्ड आणि एक ओव्हरड्राफ्ट (ओडी), म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत खात्यातून उधार पैसे काढायची सोय, आणि फॉर्म भरताना दोन्ही सारख्याच वाटतात. दोन्हींत बँक एफडीवर लीन टाकते, म्हणजे ती तुम्हाला मधेच मोडता येत नाही, व्याज मात्र नेहमीसारखं मिळत राहतं. लिमिटही दोन्हींत एफडीच्या साधारण 75 ते 90 टक्के असते, काही बँका कार्डाला पूर्ण 100 पण देतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कार्ड स्वाइप केलं की एफडीतून पैसे कापले जात नाहीत. ते डेबिट कार्ड नाहीये. बँक तुम्हाला उधार देते, महिन्याला स्टेटमेंट येतं, आणि ते बिल तुम्ही सेव्हिंग खात्यातून किंवा कुठूनही भरायचं, एफडी फक्त जामीन म्हणून बसलेली असते.

आता आकडे बघू. समजा 25,000 ची एफडी आहे 7 टक्क्यांनी, आणि लिमिट 80 टक्के म्हणजे 20,000. यातले 5,000 वापरले. ओडीवर व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एकदोन टक्के जास्त, म्हणजे 9 धरू, तर 30 दिवसांचे होतात साधारण 37 रुपये. कार्डाने तेच 5,000 खर्च केले आणि ड्यू डेटच्या आत पूर्ण बिल भरलं तर व्याज शून्य, उलट खरेदीच्या तारखेनुसार चाळीसेक दिवस फुकटात वापरायला मिळतात. पण नाही भरलं तर? महिन्याला 3.5 टक्के धरले तर 175 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 206 च्या वर, लेट फी वेगळी. आणि फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलात लिहिलेली किमान रक्कम, भरला तर लेट फी टळते, पण व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, वर नव्या खरेदीलाही तो फुकटचा काळ मिळत नाही. कार्डाने एटीएममधून कॅश काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर फी. त्यामुळे हातात रोख पाहिजे असेल तर ओडीच घ्या, त्यात माझ्या मते विचार करण्यासारखं काही नाही.

मग हिस्ट्री नसलेल्याने कार्ड का घ्यायचं? कारण ओडीत सहसा दरमहा हप्ता नसतो, व्याज खात्याला लागत जातं आणि मुद्दल तुम्हाला जमेल तेव्हा भरता. तो सिबिलच्या रिपोर्टमधे दिसतो खरा, पण त्यातून माणूस दर महिन्याला वेळेवर भरतो का हे फारसं कळत नाही. कार्डात मात्र दर महिन्याला एक तारीख असते आणि तुम्ही ती पाळली की नाही हे नोंदलं जातं. असं सहाएक महिने चाललं की NH जाऊन तिथे 300 ते 900 मधला आकडा येतो.

यात एक अडचण मात्र आहे, लिमिट छोटी असते. वरच्या उदाहरणात 16,000 चा मोबाइल कार्डावर घेतला आणि स्टेटमेंट तसंच निघालं तर 80 टक्के लिमिट वापरलेली दिसते, वेळेवर पूर्ण भरूनसुद्धा, आणि स्कोअरला ते आवडत नाही. उपाय सोपा, स्टेटमेंट तयार व्हायच्या आधीच ॲपमधून 12,000 भरून टाका, मग 4,000 म्हणजे 20 टक्केच दिसतील. 30 च्या आत ठेवलं तर बरं.

आणि "एफडी आहे ना, नाही भरलं तर बँक त्यातून घेईल" हा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की बँक एफडीला हात लावते ती शेवटी, त्याच्या आधी ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले की उशीर सिबिलकडे कळवायची मुभा तिला असते. एफडीतून पैसे वसूल झाले तरी आधीची उशिराची नोंद पुसली जात नाही, म्हणजे बँकेचं काही गेलं नाही, आणि ज्यासाठी कार्ड घेतलं तेच बिघडलं.

एफडी निवडताना पाच वर्षांची टॅक्स सेव्हिंगवाली चालत नाही, ती तारण ठेवता येत नाही. एफडी ऑटो रिन्यूवर ठेवा. पुढे साधं कार्ड मिळालं आणि हे बंद करायचं असेल तर आधी सगळी बाकी भरा, मग कार्ड बंद करायची रिक्वेस्ट टाका. बाकी नसेल तर आरबीआयच्या नियमाप्रमाणे बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. त्यानंतर लीन निघालं का ते बघा आणि मगच एफडी मोडा.