कूलरखालची धार आणि गोधडीवरचं ओलं

मांजर घरात भलत्याच जागी लघवी करायला लागलं की पहिला प्रश्न एकच विचारावा: ते उभं राहून करतं की बसून? याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

उभ्याने करणारं मांजर भिंतीकडे पाठ करतं, शेपूट सरळ वर ताठ करतं. शेपटीचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी पडतात आणि मागच्या बाजूला बारीक धार उडते. लघवी थोडीच असते, साधारण एक-दोन मिलिलिटर. ती दुसऱ्या मांजराच्या नाकाच्या उंचीवर, पडद्यावर, दारावर किंवा कपाटाच्या कडेला पडते. हे मांजर मूत्राशय रिकामं करायला त्याच्यासाठी ठेवलेल्या ट्रेमध्येच जातं. उभ्याने सोडलेली ही धार म्हणजे हद्दीची खूण.

बसून करणारं मांजर मात्र खरोखर लघवीच करत असतं, फक्त जागा वेगळी निवडतं. ओलं आडव्या जागी असतं, तळहाताहून मोठं असतं, आणि ट्रे कोरडा राहतो.

परभणीतल्या ओळखीच्या एका घरात दोन्ही प्रकार एकाच उन्हाळ्यात सुरू झाले. सोन्या हा दोन वर्षांचा बोका, नसबंदी न केलेला. मनी ही त्याच वयाची, तिची नसबंदी झालेली. दिवाणखान्यात कूलरखालची भिंत आणि पडदा सारखे वास मारायचे, मागच्या खोलीत गोधडी ओली सापडायची. घरातल्या काकूंचं मत ठाम होतं: "सोन्या मुद्दाम करायलाय बघा, रागानं." मांजर सूड म्हणून असं करत नाही. पण कोण काय करतंय हे आधी ठरवायला हवं होतं. दोघांना दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवल्यावर कळलं की भिंत सोन्याची आणि गोधडी मनीची. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसली निळी टॉर्च अंधारात फिरवली तर वाळलेले डाग चमकतात; त्यामुळे नजरेला न दिसलेल्या जागाही सापडल्या.

सोन्याचे सगळे डाग कूलरच्या खिडकीभोवतीच होते. मराठवाड्यातला कूलर खिडकीत बसवलेला असतो आणि त्याचा पंखा बाहेरची हवा ओल्या गवताच्या ताट्यांतून आत ओढतो. अंगणात येणारा भटका बोका त्याच ताट्यांवर धार मारून जात होता. म्हणजे एका परक्या बोक्याची खूण दिवसभर वाऱ्यासकट घरात येत होती आणि सोन्या तिला त्याच जागी उत्तर देत होता. बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. त्याचं विघटन होताना तो उग्र वास तयार होतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सर्वात जास्त असतं आणि नसबंदीनंतर कमी होतं.

म्हणून नसबंदी हा पहिला उपाय. तिच्यानंतर दहापैकी जवळजवळ नऊ बोक्यांत ही सवय थांबते किंवा खूप कमी होते. काहींत लगेच, काहींत काही महिन्यांनी. पण नसबंदी झालेल्या नरांपैकीही काही जण पुढे धार सोडत राहतात, तेव्हा कारण बहुधा घराबाहेर किंवा घरातल्या भांडणात असतं. सोन्याचं तसंच झालं. वास सौम्य झाला, धारा विरळ झाल्या, पण कूलरखाली चालूच राहिल्या. मग ताट्या बदलल्या, बाहेरून कूलरभोवती जाळीचा पिंजरा बसवला, खिडकीच्या खालच्या काचांना कागद लावला. अंगणात उरलेलं अन्न टाकणंही बंद केलं, कारण भटका बोका त्यासाठीच यायचा. तेव्हा कुठे ती भिंत कोरडी राहिली.

एवढं करूनही न थांबणाऱ्या मांजरांना पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मात्रा वजनावरून डॉक्टरांनीच ठरवायची असते. गालाच्या ग्रंथींच्या गंधासारखे फेरोमोन सोडणारे डिफ्युजरही मिळतात. त्यांचा उपयोग काही घरांत होतो, काहींत नाही. माझ्या मते आधी खिडकी बघावी.

डाग पुसताना आपल्याकडे हात फिनेलच्या बाटलीकडेच जातो. ते टाळा. फिनेलमधली द्रव्यं पायाला लागतात, मांजर पाय चाटतं आणि त्याच्या यकृताला ती नीट मोडता येत नाहीत. ब्लीचिंग पावडर लघवीवर पडली तर घातक वायू सुटू शकतो. कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन मग एन्झाइम असलेला क्लीनर लावावा आणि बाटलीवर दिलेल्या वेळेइतका ओला राहू द्यावा. वास राहिला तर खूणही राहते.

मनीचं कारण अगदी वेगळं निघालं. घरात ट्रे एकच, तोही झाकणाचा आणि एकाच तोंडाचा, न्हाणीघरात ठेवलेला. उन्हाळ्यात टँकरचं पाणी साठवायला तिथे ड्रम भरले गेले आणि ट्रे त्यांच्या मधल्या बोळात सरकला. पाइपचा आवाज, ओली फरशी, आणि बोळाच्या तोंडाशी दबा धरून बसलेला सोन्या. मनीने मऊ, शांत आणि दोन दारं असलेली खोली निवडली. शिवाय त्याच सुमारास ट्रेमध्ये भरायचं सुगंधी लिटर आणलं होतं. तो सुगंध आपल्याला बरा वाटतो, पण अनेक मांजरांना नको असतो.

डॉक्टरांनी आधी तिची लघवी तपासली, कारण मूत्राशयाची सूज, खडे, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह यांतही मांजर ट्रे सोडतं, आणि म्हाताऱ्या मांजराला सांधे दुखत असले तर उंच कडा ओलांडवत नाही. मनीचा अहवाल स्वच्छ आला. मग तिच्यासाठी जागा बदलल्या. मांजरांच्या संख्येहून एक जास्त, म्हणजे दोघांसाठी तीन ट्रे, वेगवेगळ्या खोल्यांत, जेवणापासून लांब. कपडे ठेवायचे उघडे प्लॅस्टिकचे टब त्यासाठी चालले. लांबी मांजराच्या दीडपट हवी. आत बिनवासाचं बारीक लिटर तीन ते पाच सेंटिमीटर, घाण रोज काढायची. ज्या गोधडीवर ती जायची तिथेच पहिला ट्रे ठेवला आणि तो रुळल्यावर रोज थोडा थोडा सरकवत सोयीच्या कोपऱ्यात नेला.

ओलं झाल्यावर ज्याचे गोळे होतात ते लिटर बहुतेक वेळा बेंटोनाइट नावाच्या मातीचं असतं. त्यातली मुख्य खनिजं आपल्या काळ्या मातीला ओलीत फुगवणाऱ्या आणि उन्हात भेगाळणाऱ्या खनिजांच्याच कुळातली आहेत. म्हणून शेतातली माती थेट भरावी असं नाही; तिच्यातून जंत येऊ शकतात आणि ती पंजाला चिकटते. पैसे वाचवायचे असतील तर वखारीतला कोरडा, रसायन न लावलेला भुसा चालतो, पण तो जास्त वेळा बदलावा लागतो.

एका प्रसंगात मात्र हे काही करत बसू नये. बोका वारंवार बसतो, जोर लावतो, ओरडतो, लिंगाजवळ चाटत राहतो आणि लघवी येत नाही किंवा थेंबच येतो, तर ती सवयही नाही आणि खूणही नाही. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. नरांत हा मार्ग अरुंद असतो, आणि एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका, आणि माणसांची पॅरासिटामॉल गोळी तर मांजराला विषच आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथवर किंवा जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याच रात्री न्या, सकाळची वाट पाहू नका.