प्रीलोड व सॅग (दुचाकीचा मागचा शॉक)

प्रीलोड व सॅग : दुचाकीच्या मागच्या शॉकमधील स्प्रिंग, गाडीवर भार पडण्यापूर्वीच जितकी दाबून बसवलेली असते, ते अंतर म्हणजे प्रीलोड. भार पडल्यावर गाडीचा मागचा भाग पूर्ण ताणलेल्या स्थितीपासून जितका खाली बसतो, ते अंतर म्हणजे सॅग. प्रीलोड स्प्रिंगपाशी मोजतात, सॅग चाकापाशी. दोन्ही मिलिमीटरमध्येच सांगितले जात असल्याने त्यांची गल्लत होते, आणि नेहमी डबलसीट व सामानासह जाणाऱ्याला ती महागात पडते.

सॅगचे दोन प्रकार आहेत. गाडी नुसती स्वतःच्या वजनाने बसते तो मोकळा सॅग आणि चालवणारा बसल्यावरचा तो स्वारसॅग. रस्त्यावरच्या गाडीसाठी मागच्या चाकाच्या एकूण प्रवासाच्या, म्हणजे ते वरखाली जितके हलू शकते त्या अंतराच्या, साधारण तीस ते पस्तीस टक्के स्वारसॅग आणि दहा ते पंधरा टक्के मोकळा सॅग योग्य मानतात. हा ‘एक-तृतीयांशाचा नियम’ कोठून आला याबद्दल मतभेद आहेत. मागच्या चाकाला एकाच, तिरक्या स्प्रिंगसंचाचा आधार देण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश मोटारसायकल-निर्माता फिलिप व्हिन्सेंट याने १९२८ च्या सुमारास तशा रचनेचे पेटंट घेतले होते. मात्र त्या काळी चाकाचा प्रवासच इतका तोकडा होता, की त्यातील तिसरा हिस्सा मोजत बसण्यात फारसा अर्थ नसावा. बेल्जियन अभियंता ल्यूसियँ टिल्केन्स याच्या रचनेवरून यामाहाने एकशॉकी मोटोक्रॉस गाडी केली, आणि १९७३ मध्ये हाकन आंदरसन याने तिच्यावर २५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. त्यानंतरच्या दशकात मोटोक्रॉस गाड्यांचा प्रवास ३०० मि.मी.च्या आसपास गेला व सुमारे १०० मि.मी. सॅग ठेवण्याची रीत पडली. एक-तृतीयांश हे प्रमाण तिथून रस्त्यावर आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. काही जण प्रमाणाऐवजी ठराविक मिलिमीटर सांगतात, पण प्रवास १२० चा की १५० चा हे धरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग ‘कडक’ होते, ही समजूत मेकॅनिक मंडळींतही आढळते. एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग आणखी एक मिलिमीटर दाबायला जितका जोर लागतो, तितकाच तो प्रीलोड कितीही असला तरी लागतो. बदलते ते एवढेच, की स्प्रिंग हलायला लागण्यापूर्वी किती जोर पचवला जातो. परिणामी गाडी वर उचलली जाते. कडकपणाचा भास होतो, कारण कमी भार असलेला शॉक पूर्ण ताणलेल्या टोकाजवळ येतो आणि तिथे त्याला वर जायला जागाच उरत नाही. स्प्रिंग खरोखर कडक हवी असेल तर ती बदलावी लागते. पुढचे उदाहरण या फरकावरच उभे आहे.

दुसरी तांत्रिक बाब तरफेची. एकशॉकी गाडीत शॉक धुरीपाशी नसून, मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या म्हणजे स्विंगआर्मच्या मुळाजवळ असतो, म्हणून चाक जितके हलते त्याच्या काही अंशच शॉक हलतो. प्रमाण अडीचास एक असेल, तर स्प्रिंगवर १ मि.मी. प्रीलोड वाढवल्याने गाडीचा मागचा भाग चाकापाशी २.५ मि.मी. उचलला जातो. स्प्रिंगचा चाकापाशी जाणवणारा कडकपणा मात्र या प्रमाणाच्या वर्गाने, म्हणजे ६.२५ पटींनी, कमी होतो. शॉक व स्विंगआर्म यांना जोडणाऱ्या अनेक लिंकेजांत हे प्रमाण चाक वर येताना बदलत जाते. सॅगच्या हिशेबापुरते ते स्थिर धरले तर फार चूक होत नाही. जुन्या धर्तीच्या दोन शॉकांच्या गाडीत प्रमाण एकाच्या जवळ असते, आणि तिथे प्रीलोडचा मिलिमीटर जवळपास मिलिमीटरच उतरतो.

मोजणीसाठी मागच्या धुरीपासून सरळ वर, शेपटीवरच्या एका पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर घेतात. खूण तिरकी पडली की सगळे आकडे फसवे निघतात. प्रथम चाक जमिनीपासून पूर्ण उचलून, शॉक ताणलेला असताना एक माप घ्यावे. मग गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर सरळ उभी करून दुसरे. मग चालवणारा नेहमीच्या कपड्यांत व हेल्मेटसह, पाय फूटरेस्टवर ठेवून बसला असताना तिसरे. एका मदतनिसाने पुढून गाडी सावरावी आणि दुसऱ्याने माप वाचावे. घर्षणामुळे शॉक नेमक्या जागी थांबत नाही. म्हणून मागचा भाग किंचित दाबून हळू वर येऊ द्यावा व माप घ्यावे, नंतर किंचित उचलून हळू खाली बसू द्यावा व पुन्हा माप घ्यावे. दोहोंची सरासरी खरी. या दोन मापांत बरेच मिलिमीटर अंतर पडत असेल, तर दोष प्रीलोडचा नसून लिंकेजची बेअरिंगे कोरडी पडली आहेत असे समजावे. टाकी भरलेली असावी. चौथे माप डबलसीट बसून व सामान बांधून घ्यावे. यातच बहुतेकांचा कंटाळा आडवा येतो, पण या वाचकाला नेमके तेच माप हवे असते.

उदाहरण घेऊ. चाकाचा प्रवास १५० मि.मी., तरफेचे प्रमाण २.५, स्प्रिंग प्रति मिलिमीटर १२५ न्यूटनची. चाकापाशी हा कडकपणा २० न्यूटन होतो. ताणलेले माप ६४० मि.मी., गाडी उभी असताना ६२२, चालवणारा बसल्यावर ५९८. म्हणजे मोकळा सॅग १८ आणि स्वारसॅग ४२ मि.मी., प्रवासाच्या २८ टक्के. तीस टक्क्यांच्या जवळ असल्याने एकट्यासाठी ही मांडणी चांगली आहे. आता ६० किलोची व्यक्ती मागे बसते. तिचे वजन जवळपास सगळेच मागच्या चाकावर येते, सुमारे ६०० न्यूटन, आणि गाडी आणखी ३० मि.मी. बसते. मागच्या पेटीत २० किलो सामान आहे. पेटी धुरीच्याही मागे असल्याने तरफेच्या न्यायाने त्याचा भार मागच्या चाकावर २० किलोहून जास्त, समजा २२ किलो, पडतो आणि आणखी ११ मि.मी. जातात. एकूण सॅग ८३ मि.मी., म्हणजे ५५ टक्के. खड्ड्यासाठी उरले ६७, आणि भार वाढलेला असल्याने तेही पूर्वीपेक्षा लवकर संपतात. खड्ड्यात शॉक तळाला आपटल्याचा ठोका पाठीला बसतो तो यामुळे.

परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. चाकांतील अंतर १४०० मि.मी. असेल, तर मागचा भाग ४१ मि.मी. खाली गेल्याने गाडी सुमारे १.७ अंशांनी मागे कलते. पुढचा काटा तितकाच आडवा होतो, वळायला गाडी जड होते, पुढचे चाक हलके पडते आणि दिव्याचा झोत दहा मीटरवर सुमारे ३० सें.मी. वर चढून समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री समोरून येणारे सारखे डिपर मारत असतील, तर दिव्याआधी सॅग तपासावा.

४१ मि.मी. पूर्णपणे परत मिळवायचे तर ४१ भागिले २.५, म्हणजे स्प्रिंगवर १६.४ मि.मी. प्रीलोड वाढवावा लागेल. हाताने फिरवायच्या हायड्रॉलिक प्रीलोड-नॉबचा पल्ला साधारण १० मि.मी. असेल तर तो शेवटपर्यंत फिरवूनही २५ मि.मी.च परत येतात आणि सॅग ५८ मि.मी., म्हणजे ३९ टक्क्यांवर थांबतो. भरलेल्या गाडीला ३५ ते ४० टक्के सॅग चालवून घ्यावा, असे एक मत आहे. दुसरे मत एकट्याच्या आणि डबलसीटच्या सॅगमध्ये फरकच पडू नये असे सांगते. अधूनमधून भरून जाणाऱ्याला पहिले मत पुरेसे आहे. नेहमी भरून जाणाऱ्याचा प्रश्न मात्र प्रीलोडचा नसून स्प्रिंगचा असतो. त्याची खूण अशी : हव्या त्या डबलसीट सॅगसाठी प्रीलोड वाढवला की नुसती गाडी उभी असताना मोकळा सॅग शून्यावर येतो. आपल्या उदाहरणात १८ मधून २५ वजा होत असल्याने गाडी ताणलेल्या टोकालाच टेकून उभी राहील.

त्याच गाडीला १५० न्यूटनची स्प्रिंग घातली तर चाकापाशी २४ न्यूटन मिळतात. एकट्याचा सॅग ४२ वरच ठेवला, तर मोकळा सॅग २२ मि.मी. येतो. मागची व्यक्ती आणि सामान मिळून सुमारे ३४ मि.मी. बसवतात, नॉबचे १० मि.मी. त्यातले २५ परत आणतात, आणि भरलेल्या गाडीचा सॅग ५१ मि.मी., म्हणजे ३४ टक्के राहतो. पण कडक स्प्रिंग परत उसळतानाही अधिक जोर लावते. त्यामुळे ही उसळी आवरणारे रिबाउंड डॅम्पिंग वाढवावे लागते, आणि ज्या शॉकवर त्याचा स्क्रू नाही तिथे आतील झडपा बदलण्याची वेळ येते. भरलेली गाडी उंचवट्यानंतर दोनतीन झुले घेत असेल, तर रिबाउंड कमी पडतो आहे हे निश्चित.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. सामान उतरवले, सोबतची व्यक्ती घरी राहिली आणि नॉब तसाच विसरला. मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने आता स्वारसॅग ४२ उणे २५, म्हणजे १७ मि.मी. उरतो. चाकाला खळग्यात उतरायला जागा कमी पडते, ते जमीन सोडते, शॉक वरच्या टोकाला खटकतो आणि ब्रेक लावताना मागचे चाक हलके होऊन घसरते. यावर सोपा उपाय म्हणजे एकट्याच्या स्थितीपासून डबलसीटच्या स्थितीपर्यंत नॉब किती टिचक्या फिरतो ते एकदा मोजून लिहून ठेवणे.

नॉबऐवजी स्प्रिंग दाबणारी पायऱ्यांची कॉलर असलेल्या शॉकवर पायऱ्या मोजाव्यात. ती आकडीच्या पान्याने फिरवतात, छिन्नी-हातोड्याने नव्हे. आटे असलेल्या कॉलरवर आधी लॉकनट सैल करून आटे स्वच्छ करावेत. प्रत्येक बदलानंतर साखळीचा ढिलेपणा भरलेल्या गाडीवर तपासावा. पुढचे दातेरी चक्र, स्विंगआर्मची खीळ आणि मागची धुरी एका रेषेत आली की साखळी सर्वांत ताणते, आणि जास्त सॅग गाडीला त्याच रेषेकडे नेतो.

विद्युत मोटरीने प्रीलोड बदलणारी व्यवस्था बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये ‘ईएसए’ या नावाने आणली. तीत एकटा, एकटा व सामान, आणि डबलसीट अशा स्थिती बटणाने निवडता येतात. पुढील काळात भार स्वतः ओळखून उंची सावरणाऱ्या प्रणालीही आल्या. त्यांतही स्प्रिंगचा मूळ कडकपणा तोच राहत असल्याने, भार तिच्या पल्ल्याबाहेर गेला की गाडी बसतेच.